गडद गॉगलमागे वाढत गेलेले मांस: एका होडीचालकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पर्यटकांना होडीतून फिरवणारे एक गृहस्थ नोव्हेंबरात आमच्या नेत्रचिकित्सालयात आले. हंगाम नुकताच भरात येत होता. वय चाळिशीच्या आसपास, पण पाण्यावरचे आयुष्य मात्र लहानपणापासूनचे. आधी वडिलांबरोबर मासेमारी केली, पुढे पर्यटकांची होडी घेतली. नाव-गाव इथे मुद्दाम वगळले आहे.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढलेले होते. वैद्यकीय भाषेत याला टेरिजियम म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण जाड होते आणि त्रिकोणी पापुद्र्यासारखे बुबुळावर, म्हणजे तिथल्या पारदर्शक कॉर्नियावर, सरकू लागते. उजव्या डोळ्यात त्याचे टोक कॉर्नियावर २ मिलिमीटर आत आले होते, डाव्यात १ मिलिमीटर. उजव्या डोळ्यात या ओढीमुळे १ डायॉप्टरचा सिलिंडर नंबरही आलेला होता. डोळे लाल होणे, खुपणे आणि संध्याकाळी धूसर दिसणे या त्यांच्या तक्रारी होत्या.

दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात हेच निदान झाले होते. त्या वेळचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. उजवा डोळा १ मिलिमीटर, डावा अगदी सुरुवात, आणि खाली एका ओळीचा सल्ला: 'उन्हात गॉगल वापरावा.' तो त्यांनी मनापासून पाळला. जेटीवरच्या स्टॉलवरून दोनशे रुपयांचा काळाकुट्ट गॉगल घेतला आणि दोन वर्षे तो घातल्याशिवाय ते पाण्यावर गेले नाहीत. तरीही मांस वाढले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: गॉगल घालूनही हे का झाले?

अडचण

गॉगल आहे का, असे विचारल्यावर त्यांनी तो खिशातून काढून टेबलावर ठेवला. काच इतकी गडद होती की पलीकडच्या माणसाचे डोळे दिसू नयेत. एका कोपऱ्यात अर्धवट निघालेला सोनेरी स्टिकर होता, 'यूव्ही प्रोटेक्शन'. त्यापुढे आकडा नव्हता. काडीच्या आतल्या बाजूला काहीच छापलेले नव्हते.

"गॉगल लावलो की डोळे गार वाटतत," ते म्हणाले. हे खरेच होते, आणि या प्रकरणाची गोम तिथेच आहे. डोळ्याला जे गार वाटते ते दिसणारा प्रकाश कमी झाल्यामुळे. अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि ते पडत असताना जाणवतही नाहीत. त्यामुळे काच ते अडवते आहे की नाही, हे घालणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. काचेचा गडदपणा रंगद्रव्यावर अवलंबून असतो. अतिनील अडवणे मात्र काचेच्या मूळ पदार्थावर किंवा त्यात मिसळलेल्या शोषकावर ठरते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेटची पूर्ण पारदर्शक, बिनरंगी काच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते, तर शोषक न घातलेल्या अॅक्रिलिकची काळी काच त्यातला बराच भाग सोडते.

आम्ही त्यांचा गॉगल मोजला. दिसणाऱ्या प्रकाशापैकी ११ टक्के पार होत होता. ३६५ नॅनोमीटरला, म्हणजे अतिनीलच्या ए पट्ट्यात, ३४ टक्के. डोळ्याला वाटत होते की ऊन नवव्या हिश्शावर आले आहे. प्रत्यक्षात अतिनीलचा तिसरा हिस्सा आत येतच होता.

हानी नेमकी कुठून

अशा वेळी एक स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, म्हणून जास्त अतिनील आत जाते आणि असा गॉगल काहीच न घालण्यापेक्षाही वाईट ठरतो. यात तथ्य आहे, पण ते कुठे लागू होते आणि कुठे नाही हे पाहिले पाहिजे, नाहीतर उपायही चुकीचा निवडला जातो.

समजा भर उन्हात बाहुलीचा व्यास अडीच मिलिमीटर आहे आणि गडद काचेमागे तो साडेतीन झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. काच एक तृतीयांश अतिनील सोडत असेल, तर बाहुलीतून आत जाणारे प्रमाण उघड्या डोळ्याच्या साधारण दोन तृतीयांश येते. म्हणजे या गॉगलने समोरून येणारे अतिनील थोडे कमीच केले होते. मात्र काच ६० टक्के सोडणारी असती, तर हेच गणित उघड्या डोळ्याच्या वर गेले असते. बाहुलीतून गेलेले हे किरण मुख्यतः डोळ्यातले नैसर्गिक भिंग शोषून घेते, म्हणून हा मुद्दा मोतीबिंदूच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. लहान मुलांचे भिंग अधिक नितळ असल्याने त्यांच्यात अतिनीलचा जास्त भाग पडद्यापर्यंत पोचतो. जत्रेतले खेळण्यातले रंगीत गॉगल मुलांना उन्हात दिवसभर घालू देऊ नयेत, ते याचमुळे.

पण या गृहस्थांचे दुखणे बाहुलीच्या बाहेर होते. मांस वाढते ते कॉर्नियाच्या कडेला, आणि बाहुली मोठी आहे की लहान याने तिथे काही फरक पडत नाही. तिथे फरक पडतो पापण्यांनी. उघड्या डोळ्याने समुद्राकडे पाहताना आपण आपोआप डोळे बारीक करतो, भुवया खाली ओढतो, मान वळवतो, सावली शोधतो. हे शरीराचे स्वतःचे संरक्षण आहे. गडद काचेमागे चकाकी राहत नाही, त्यामुळे पापण्या पूर्ण उघड्या राहतात. पूर्वी ते कापडी टोपी घालायचे. गॉगल आल्यावर ती सुटली होती. दुपारच्या फेऱ्यांत शेडखाली बसायचे, तेही कमी झाले होते. बाहुलीच्या गणितात जो थोडा फायदा दिसला, तो इथे खर्ची पडत होता.

त्यापेक्षाही मोठी वाट होती बाजूची. त्यांच्या गॉगलची फ्रेम सपाट होती आणि कानशिलाकडे बोट सहज जाईल एवढी फट होती. कानशिलाच्या बाजूने तिरका आलेला प्रकाश कॉर्नियाच्या गोलाईतून वाकतो आणि समोरच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९०च्या दशकात हे मांडले. मांस बहुतेक वेळा नाकाकडूनच का वाढते, याचे ते आजही सर्वांत पटणारे उत्तर आहे. होडीवर हा तिरका प्रकाश सगळीकडून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस साधारण २५ टक्के अतिनील परावर्तित करतो. सूर्य डोक्यावर असताना भुवईची सावली डोळ्यावर पडते. सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीननंतर ती सावली नसते, आणि फेऱ्यांची गर्दी नेमकी त्याच वेळी.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय शस्त्रक्रियेचा. मांस काढून त्या जागी त्याच डोळ्यातल्या वरच्या, पापणीखाली झाकलेल्या भागातले आवरण बसवणे ही आज रूढ पद्धत आहे. नुसते काढून जागा मोकळी सोडली तर ते परत येण्याचे प्रमाण फार असते. त्यांची इच्छा लगेच करून टाकण्याची होती. आमच्या नेत्रशल्यविशारदांना ते पटले नाही, कारण शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे थेंब आणि उन्हापासून जपणूक लागते. नोव्हेंबरात होडी बांधून ठेवली तर वर्षाची कमाई जाते, आणि न ठेवली तर ताज्या जखमेवर तेच ऊन. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या पर्यटन होड्या बंदच असतात. म्हणून जूनपर्यंत थांबायचे, मधल्या काळात अतिनील रोखायचे आणि मार्चमध्ये पुन्हा मोजायचे, असे ठरले. दृष्टीच्या मध्यभागापासून टोक अजून दूर होते, म्हणून थांबणे शक्य होते. ते बाहुलीच्या कडेला पोचलेले असते तर थांबलो नसतो.

दुसरा निर्णय गॉगलचा, आणि यात जास्त वेळ गेला. त्यांना म्हटले, स्टॉलवर तुम्हाला जे चांगले वाटतात ते दोन-तीन आणून दाखवा, मोजून बघू. त्यांनी तीन आणले.

पहिला अडीचशे रुपयांचा, पॉलिकार्बोनेटचा. काडीवर 'यूव्ही ४००' आणि 'कॅट. ३' छापलेले. मीटरवर अतिनील शून्य. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खोटाच असेल, असे धरून चालत नाही. दुसरा त्याच्या तिप्पट किमतीचा, खऱ्या काचेचा, निळ्या रंगाचा, वर 'यूव्ही ४००'चा स्टिकर. त्यातून ३६५ नॅनोमीटरला निम्म्याच्या आसपास अतिनील येत होते. तिसऱ्यावर फक्त 'पोलराइज्ड' लिहिलेले होते. त्यानेही अतिनील अडवले, पण ते पोलराइज्ड असल्यामुळे नव्हे. पोलराइज्ड पापुद्रा पाण्यावरून आडवी येणारी चकाकी कापतो. अतिनील अडवणे हा त्याचा गुण नाही, तो सोबतच्या प्लास्टिकचा असतो.

मग पहिलाच का घेतला नाही? फ्रेम पुन्हा सपाट होती आणि काच लहरी होती. गॉगल हातभर अंतरावर धरून खिडकीच्या उभ्या चौकटीकडे पाहत हळूच सरकवला, की चौकट नागमोडी हलताना दिसत होती. अशा काचेतून दिवसभर लांब पाहणाऱ्याचे डोके दुखते आणि चार दिवसांत गॉगल खिशात जातो.

लेबल कसे वाचले

दुकानातल्या गॉगलच्या काडीवर छापलेला मजकूर आम्ही त्यांच्यासमोर एकेक करून वाचला, कारण पुढच्या वेळी ते एकटेच खरेदी करणार होते.

अतिनीलबद्दल सांगणारा शब्द एकच आहे: यूव्ही ४००. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. 'शंभर टक्के यूव्ही' असे लिहिलेले असेल तर कुठपर्यंत, हे विचारावे. सनग्लासेसचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२३१२-१ अतिनीलची मर्यादा ३८० नॅनोमीटर धरते, त्यामुळे शंभर टक्के हा दावा ३८०पर्यंतचाही असू शकतो. तेही वाईट नाही. पण दोन्ही समोर असतील तर ४००वाला घ्यावा. नुसते 'यूव्ही प्रोटेक्शन' म्हणजे काहीच सांगितलेले नाही.

कॅटेगरीचा आकडा ० ते ४ असतो आणि तो फक्त गडदपणा सांगतो. कॅटेगरी ३ म्हणजे दिसणारा प्रकाश ८ ते १८ टक्के पार होतो. समुद्रावरच्या उन्हाला ही पुरते. कॅटेगरी ४ मध्ये ३ ते ८ टक्केच येतो आणि ती गाडी चालवताना वापरायची नसते. तिच्यावर फुली मारलेल्या गाडीचे चित्र असते. त्यांना स्वाभाविकच ४ हवी होती: आकडा मोठा, म्हणजे संरक्षण जास्त. हा गैरसमज आम्ही रोज पाहतो. ४ नंबरची काच अतिनीलच्या बाबतीत ३ नंबरपेक्षा सरस असतेच असे नाही, आणि होडी किनाऱ्याला लावल्यावर ते मोटरसायकलने घरी जातात.

सीई ही दोन रोमन अक्षरे म्हणजे युरोपीय संघाच्या नियमांना माल धरून आहे, असा उत्पादकाचा दावा. २०१६च्या त्यांच्या नियमावलीत साधे सनग्लासेस सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात येतात आणि उत्पादक स्वतःच तसे जाहीर करतो. त्रयस्थ प्रयोगशाळेचा हा शिक्का नव्हे. अक्षरांसोबत उत्पादकाचे नाव, कॅटेगरी आणि माहितीचा कागद असेल तरच त्याला वजन. आणि ५८, १६, १४० असे आकडे दिसले तर ती मापे आहेत: काचेची रुंदी, नाकावरचा पूल आणि काडीची लांबी. स्टॉलवाल्याने त्यांना १४० हा 'यूव्हीचा पॉवर' म्हणून सांगितला होता.

लेबल हा शेवटी दावा आहे. खात्री मोजण्यानेच होते. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत नंबर तपासण्याच्या यंत्रावरच अतिनीलची टक्केवारी दिसते. विचारले तर मिनिटभरात सांगतात. घरी करायची एक ढोबळ चाचणीही आहे. आपल्या नोटांवरचे क्रमांक अतिनील प्रकाशात चमकतात. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च काचेतून नोटेवर मारावा. क्रमांक लख्ख चमकले तर काच अतिनील सोडते आहे. बाजारातले स्वस्त जांभळे टॉर्च मात्र बहुधा ३९५चे असतात आणि त्यांचा काही प्रकाश ४००च्या वरचा असतो, म्हणून चांगली काचही नापास झाल्यासारखी दिसते. टॉर्च डोळ्यांवर मारायचा नाही, हे सांगायलाच हवे. आणि उलट बाजूही आहे: ३६५ला शून्य दाखवणारी काच ३९०ला थोडे सोडत असू शकते. एका तरंगलांबीवरची चाचणी वाईट गॉगल पकडते. ४००पर्यंतचा पूर्ण दावा ती सिद्ध करत नाही.

काय केले

शेवटी कानशिलापर्यंत वळणारी फ्रेम, पॉलिकार्बोनेट, कॅटेगरी ३, यूव्ही ४०० असा गॉगल त्यांनी घेतला. पोलराइज्ड घ्यावा की नाही यावर थोडे थांबलो. पाण्याखालचे खडक आणि जाळी त्यातून चांगली दिसतात, पण मोबाइल विशिष्ट कोनात धरला की पडदा काळा पडतो, आणि बुकिंग आणि नकाशा दोन्ही त्यांच्या मोबाइलवर. दुकानाबाहेर उभे राहून त्यांनी मोबाइल उभा-आडवा धरून पाहिला. उभा धरल्यावर नीट वाचता येत होता, म्हणून पोलराइज्डच घेतला. किंमत त्यांच्या जुन्या गॉगलच्या सातपट होती.

त्यासोबत गळ्याखाली दोरी असलेली रुंद काठाची टोपी पुन्हा सुरू केली, कारण वळणारी फ्रेमही वरून येणारा प्रकाश पूर्ण रोखत नाही. संध्याकाळच्या मोटरसायकलसाठी बिनरंगी पॉलिकार्बोनेटचा चष्मा दिला. डोळ्यांना कोरडेपणाचे थेंब सुरू केले. थेंबांनी खुपणे कमी होते, मांस मागे हटत नाही, हेही स्पष्ट सांगितले.

परिणाम

मार्चमध्ये मोजले तेव्हा डावा डोळा होता तिथेच होता. लाली बरीच कमी. उजव्यात मात्र टोक अर्धा मिलिमीटर पुढे गेलेले आणि सिलिंडर दीड डायॉप्टरवर. गॉगल बदलून चार महिनेच झाले होते, आणि वाढीला लागलेले टेरिजियम नुसत्या संरक्षणाने थांबेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जूनमध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या जूनच्या तपासणीत त्या डोळ्यात मांस परत आलेले नव्हते, सिलिंडर अर्ध्या डायॉप्टरवर उतरला होता आणि डाव्या डोळ्याचे माप तेच होते.

यातले किती गॉगलमुळे, किती टोपीमुळे आणि किती शस्त्रक्रियेच्या पद्धतीमुळे, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. पक्के एवढेच की जुन्या काचेतून ३४ टक्के अतिनील येत होते आणि नव्या काचेतून मीटरला काहीच सापडत नाही.

पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल

पहिला बदल त्या एका ओळीच्या सल्ल्यात हवा. 'गॉगल वापरावा' या शब्दांनी रुग्ण गडद काच शोधतो, कारण गॉगल म्हणजे काळा चष्मा हेच सगळ्यांच्या मनात असते. कागदावर 'यूव्ही ४००, कॅटेगरी ३, कानशिलापर्यंत वळणारी फ्रेम, सोबत काठाची टोपी' एवढे लिहिले असते, तर दोन वर्षे वाया गेली नसती. आमच्या केसपेपरवर आता हीच ओळ छापली आहे.

दुसरे, उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाने वापरातला गॉगल पहिल्याच भेटीला सोबत आणावा, असे नोंदणी करतानाच सांगायला हवे. या गृहस्थांच्या खिशात तो होता म्हणून मोजता आला. बहुतेकांचा होडीवर किंवा घरी राहतो, आणि मग 'गॉगल वापरतो' या उत्तरावर आपण विश्वास ठेवून पुढे जातो.

तिसरी गोष्ट त्यांच्या साथीदारांची. त्याच जेटीवर त्याच स्टॉलचे गॉगल घालणारे बरेच जण होते. त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो ते थेट पावसाळ्यात, होड्या वर ओढल्यावर. मीटर घेऊन नोव्हेंबरातच एक सकाळ जेटीवर बसायला हवे होते, म्हणजे हंगाम सुरू होतानाच ज्याचा गॉगल नापास त्याला तो बदलता आला असता. यंदा ती सकाळ ठरवली आहे. स्टॉलवाल्यालाही बोलावले आहे, त्याचा माल तिथेच त्याच्यासमोर मोजला जाईल.